जाणाऱ्याचा फोन, मागे उरलेल्या पोस्ट

दिवाळी अंक काढणारी एखादी छोटी प्रकाशन संस्था डोळ्यांसमोर आणा. तिचं सोशल मीडिया सांभाळणारी मुलगी ऐन ऑक्टोबरात नोकरी सोडते आहे. अंकाच्या जाहिरातीच्या २२ पोस्ट तिने तारीख-वेळ लावून ठेवल्यात. मालक म्हणतात, ‘पासवर्ड तेवढे लिहून दे, बाकी आम्ही बघतो.’

पण फेसबुक पेजला स्वतःचा पासवर्डच नसतो. पेज चालतं ते कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यातून, आणि त्या खात्याला पेजचे अधिकार दिलेले असतात. त्यामुळे तिच्या नोंदीत पासवर्डपेक्षा पूर्ण अधिकार कोणाकोणाकडे आहेत, हे आधी हवं. तिच्या एकटीकडेच असतील, तर जाण्यापूर्वी आणखी कोणाला तरी ते द्यायलाच हवेत. यूट्यूबच्या ब्रँड खात्यात तर नव्या माणसाला मुख्य मालक करण्याआधी तो किमान ७ दिवस मालक म्हणून नोंदलेला असावा लागतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी हे काम होत नाही.

खरी गोम त्या २२ पोस्टमध्ये आहे. फेसबुकच्याच प्लॅनरमध्ये लावल्या असतील, तर पेजचे अधिकार असलेल्याला त्या दिसतात. बाहेरचं शेड्यूलिंग अॅप वापरलं असेल, तर त्याला पेजची परवानगी बहुधा तिच्या वैयक्तिक खात्यातून दिलेली असते. तिचं नाव पेजवरून काढलं की ती परवानगी संपते. अॅपमध्ये पोस्ट रांगेत दिसत राहतात, पेजवर मात्र काहीच येत नाही. ‘पोस्ट गेली नाही’ अशी मेल येते खरी, पण तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर. आणि तो पत्ता तर आपणच बंद केलेला!

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी नव्या माणसाला अधिकार द्यायचे, मग त्याच्या खात्यातून अॅप पुन्हा जोडायचं. दहा-पंधरा मिनिटांनंतरची एक चाचणी पोस्ट लावायची. ती पेजवर दिसल्यावर जुनं नाव काढायचं, आणि त्यानंतर आणखी एक चाचणी. ही दुसरी चाचणी बहुतेक जण गाळतात, आणि परवानगी तुटली असेल तर ती नेमकी इथेच कळते.

इन्स्टाग्रामला पासवर्ड असतो, पण लॉगिनचा कोड तिच्या मोबाइलवर जातो. तो नंबर बदलून ऑफिसच्या सिमचा टाकायचा, आणि जुने बॅकअप कोड रद्द करून नवे काढून घ्यायचे.

मला विचाराल तर नोंदीत सर्वांत वर एकच गोष्ट असावी: सगळं थांबवायचं कुठून. एखाद्या ज्येष्ठ लेखकाच्या निधनाची बातमी सकाळी येते आणि दुपारी १२ वाजता पेजवर ‘चला, खरेदीचा धमाका!’ झळकतं. अशा वेळी रांग कुठल्या पडद्यावर आहे, ते शोधायला पाच मिनिटंही नसतात. आणि २२ पोस्टांची यादी देताना कुठल्या पोस्टमध्ये अंकाची किंमत आहे, कुठल्यात सवलतीची शेवटची तारीख, हेही तिने शेजारी लिहावं. किंमत छपाईच्या आदल्या दिवशीही बदलते.