आकाशकंदील : कागद, खळ आणि सौम्य प्रकाश

१. प्रास्ताविक

भंडारा जिल्ह्यातील लाखनी हे गाव नागपूर-रायपूर महामार्गावर, धानाच्या पट्ट्यात वसलेले आहे. येथे दिवाळी येते ती धानकापणीच्या दिवसांत. पाऊस सरलेला असतो, रात्री गार होऊ लागतात आणि पहाटे दव पडते. अंगणात किंवा ओसरीवर टांगलेल्या आकाशकंदिलाला हे दव पाच-सहा रात्री सोसावे लागते. म्हणूनच कंदिलाचा प्रकाश सौम्य कसा होतो आणि तो अखेरच्या रात्रीपर्यंत तसाच कसा राहतो, हे दोन्ही प्रश्न एकत्र पाहणे सोयीचे ठरते.

२. कागद प्रकाश मऊ का करतो?

कागद म्हणजे वनस्पतीच्या सूक्ष्म तंतूंचे जाळे होय. या तंतूंच्या मधल्या फटींत हवा असते. प्रकाशाचा किरण तंतूतून हवेत आणि हवेतून पुन्हा तंतूत शिरताना दर वेळी दिशा बदलतो. अशी असंख्य वळणे घेऊन तो बाहेर पडतो, तेव्हा तो कोठून निघाला हे डोळ्याला कळत नाही. दिवा दिसेनासा होतो आणि संपूर्ण कागदच उजळलेला दिसतो. यालाच आपण सौम्य प्रकाश म्हणतो.

हे काम फटींतील हवेचे आहे, याचा पुरावा भज्यांच्या पुडीवर मिळतो. तेल शिरलेला कागदाचा भाग पारदर्शक होतो, कारण हवेची जागा तेलाने घेतलेली असते. पाण्यानेही थोडेफार असेच घडते. दवाने भिजलेल्या कंदिलातून आतला दिवा उघडा पडल्यासारखा दिसतो, तो याच कारणाने.

३. कागदाची निवड

कागदाचे वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम, या मापाने सांगतात. छपाईचा नेहमीचा कागद ७० ते ८० ग्रॅमचा असतो, तर पतंगी कागद त्याच्या निम्म्याहूनही हलका असतो. पतंगी कागदाचा एकच थर लावला तर प्रकाश भरपूर मिळतो, पण दिव्याचा आकार मागून स्पष्ट दिसतो. जाड कार्डाने दिवा झाकला जातो, मात्र त्याबरोबर बराचसा प्रकाशही अडतो.

मधला मार्ग असा : आत छपाईचा पांढरा कागद किंवा पतंगी कागदाचा पांढरा थर आणि त्याबाहेर रंगीत पतंगी कागद. हे दोन थर एकमेकांना सर्वांगाने चिकटवू नयेत. सांगाड्याच्या आतून एक आणि बाहेरून एक असे लावल्यास मध्ये कामटीच्या जाडीएवढी पोकळी राहते. पहिल्या थरातून विखुरलेला प्रकाश दुसऱ्या थरापर्यंत जाताना आणखी पसरतो. खळीने एकजीव केलेल्या दोन थरांत हा लाभ मिळत नाही.

परीक्षा सोपी आहे. पेटलेल्या दिव्यापासून १५ सेंटिमीटरवर कागद धरावा. दिव्याची कड दिसली तर कागद कमी पडतो; कागद मळकट, काळसर दिसला तर तो जास्त जाड आहे. रंगीत कागदावर ओले बोट फिरवूनही पाहावे. बोटाला रंग लागला तर दवातही तो ओघळेल आणि पांढऱ्या थरावर डाग पडतील.

४. ‘थंड’ दिवा : एका शब्दाचे दोन अर्थ

दिव्याच्या संदर्भात ‘थंड’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यातून गोंधळ होतो. पहिला अर्थ उष्णतेचा. तारेच्या जुन्या ६० वॅटच्या दिव्यात विजेचा फारच थोडा अंश प्रकाश होतो, उरलेली सारी उष्णता. त्याला टेकलेला कागद प्रथम पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो आणि अखेर पेटूही शकतो. एलईडी दिवा कितीतरी कमी तापतो. तोही अगदी थंड नसतो. त्याची उष्णता बुडाच्या भागात साठते. म्हणून कंदिलाचे वरचे तोंड बंद करू नये.

दुसरा अर्थ रंगाचा. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेला दिवा निळसर पांढरा असतो आणि त्याला ‘कूल’ म्हणतात. २७०० ते ३००० केल्विनचा दिवा पिवळसर असतो आणि त्याला ‘वॉर्म’ म्हणतात. दोन्ही एलईडी हाताला सारखेच लागतात. लाल, केशरी, पिवळ्या कागदाला पिवळसर दिवा शोभतो. निळ्या कागदामागे मात्र तो मलूल दिसतो, कारण त्या प्रकाशात निळा अंश कमी असतो. तेथे पांढरा दिवा घ्यावा.

५. खळ आणि दव

तांदळाच्या पिठाची खळ या कामास उत्तम. एक वाटी पीठ थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवावे, एकूण सहा वाट्या पाणी होईल असे पाहावे आणि मंद आचेवर सतत ढवळावे. मिश्रण दाट व किंचित पारदर्शक झाले की उतरवून गार करावे. खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

खळ कागदाला सुरकुत्या न पाडता धरते आणि चुकलेली पट्टी ओली करून सोडवता येते; परंतु दवात ती पुन्हा मऊ पडते. फेविकॉल ओलाव्यात अधिक टिकतो, मात्र सोडवता येत नाही. म्हणून आतल्या थराला खळ आणि बाहेरच्या थराच्या कडांना फेविकॉल, अशी विभागणी करावी. दोन्हींचा लेप कामटीच्या रुंदीपुरताच ठेवावा. कागदाची कड अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक दुमडली, तर तेथे दुहेरी थराची काळी रेघ उजेडात उमटते.

६. एक उदाहरण

३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच असा चौकोनी कंदील घेऊ. सांगाड्याला ३० सेंटिमीटरच्या आठ आणि ४५ सेंटिमीटरच्या चार बांबूच्या कामट्या, म्हणजे एकूण ४.२ मीटर कामटी लागते. दिवा मध्यावर टांगला की प्रत्येक बाजू त्याच्यापासून १५ सेंटिमीटरवर येते. ५ वॅटचा एलईडी येथे पुरेसा होतो.

आता दिवा एका बाजूकडे सरकून ५ सेंटिमीटरवर आला असे समजा. अंतर एक तृतीयांश झाले की त्या जागी पडणारा प्रकाश नऊपट होतो. अशा कंदिलाच्या एका बाजूवर झगझगीत ठिपका दिसतो आणि समोरची बाजू अंधारते. हा दोष कागद बदलून जात नाही. तार सांगाड्याच्या वरच्या आडव्या कामटीला बांधून दिवा मध्यावर आणावा लागतो.

दिवा मध्यावर असूनही चौकोनाच्या उभ्या कडा मंदच राहतात. त्या दिव्यापासून सुमारे २१ सेंटिमीटरवर असतात आणि प्रकाश तेथे तिरपा पडतो. त्यामुळे बाजूच्या मध्याच्या तुलनेत तेथे जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. कडा अधिक उजळ हव्या असतील तर षटकोनी सांगाडा करावा. तसेच टांगलेला एलईडी वरच्या दिशेने कमी प्रकाश टाकतो, म्हणून तो उंचीच्या मध्यापेक्षा थोडा वर ठेवावा.

कंदील ओसरीच्या पाख्याखाली टांगला तर दव थेट बसत नाही. सकाळी कागद सैल दिसला तर हात न लावता उन्हात सुकू द्यावा. वाळताना तो पुन्हा ताणला जातो.

७. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) तेल लागलेला कागद पारदर्शक का होतो? या निरीक्षणाचा कंदिलाशी संबंध स्पष्ट करा.
आ) दोन थरांमध्ये पोकळी ठेवल्याने कोणता लाभ होतो?
इ) एका कंदिलाच्या एका बाजूवर झगझगीत ठिपका दिसतो. त्याचे कारण व उपाय लिहा.