म्हातारे मांजर रात्री का ओरडते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

पंधरा-सोळा वर्षांचे मांजर रात्री तीनच्या सुमारास घरभर फिरत लांब, घोगऱ्या आवाजात ओरडू लागले, की बडोद्यातल्या दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याच्या जुन्या मराठी घरांत एखादे वडीलधारे माणूस अपशकुनाची शंका काढतेच. दुसरे कोणी म्हणते, माजावर आले असेल. नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या मांजराला माज येत नाही, आणि शकुन-अपशकुन तर ओरडणाऱ्याच्या गावीही नसतात. अशा ओरडण्यामागे बहुधा आजार असतो. तो मेंदूचा असू शकतो किंवा दुसऱ्या एखाद्या अवयवाचा.

मेंदूचा आजार म्हणजे मांजराचा स्मृतिभ्रंश. २००३ मध्ये मांडलेल्या एका अभ्यासात ११ ते १४ वर्षांच्या मांजरांपैकी २८ टक्के मांजरांत वागण्यातला निदान एक बदल आढळला. पंधरानंतर हे प्रमाण निम्म्याहून अधिक झाले. एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये पंचवीस मृत मांजरांचे मेंदू तपासले. म्हाताऱ्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्या मांजरांत चेतापेशींच्या जोडांपाशी अमायलॉइड-बीटा हे प्रथिन साचले होते. माणसाच्या अल्झायमरमध्ये साचते तेच हे प्रथिन. मेंदूतल्या साफसफाई करणाऱ्या पेशी हे जोड गिळत असल्याच्या खुणाही तिथे दिसल्या.

तरीही ‘वय झाले, आता असेच चालायचे’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. स्मृतिभ्रंश दाखवून देणारी रक्ताची चाचणी नाही. बाकीची कारणे एकेक करून बाजूला सारल्यावरच तो ठरवता येतो, आणि त्यातली बरीच कारणे औषधाने आटोक्यात येतात.

उदाहरणादाखल सोळा वर्षांची, शस्त्रक्रिया झालेली एक मांजरी घेऊ. ती रात्री ओरडते, ट्रेच्या बाहेर लघवी करते, भरपूर खाते. पण वर्षभरात वजन ४.२ किलोवरून ३.६ किलोवर आले आहे. खाऊनही वजन घटत असेल तर पहिला संशय थायरॉइडवर जातो आणि रक्तातले टी-फोर तपासावे लागते. सोबत मूत्रपिंडाची व साखरेची तपासणी होते. मग रक्तदाब. रिक्षाच्या गोंगाटातून आलेल्या मांजराचा रक्तदाब घाबरूनच चढलेला असतो, म्हणून त्याला शांत खोलीत पाच-दहा मिनिटे बसू द्यायचे, पहिले माप सोडून द्यायचे आणि पुढच्या पाच-सात मापांची सरासरी घ्यायची. वरचा आकडा सातत्याने १६० च्या पुढे असेल तर तो वाढलेला. १८० च्या पुढे डोळा आणि मेंदू दोन्ही धोक्यात. या मांजरीचा आकडा १९५ निघाला आणि टी-फोरही वाढलेले निघाले, तर दोन्हींवर औषधे आहेत. काही आठवड्यांत ओरडणे थांबले, तर तो स्मृतिभ्रंश नव्हताच. कमी झाले पण थांबले नाही, तर हे आजार आणि स्मृतिभ्रंश एकत्र नांदत असण्याचा संभव असतो. म्हाताऱ्या मांजरांत हे विरळ नाही.

घरच्यांचे निरीक्षण इथे फार उपयोगी पडते. दृष्टी गेलेले मांजर हलवलेल्या खुर्चीला धडकते, पण ओळखीची वाट चुकत नाही. ऐकू न येणारे मोठ्याने ओरडते आणि माणूस दिसला की बऱ्याचदा गप्प होते. स्मृतिभ्रंशाचे मांजर मात्र जन्म काढलेल्या घरातच कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहते, दाराच्या बिजागरीकडून बाहेर पडू पाहते, नुकतेच खाल्लेले विसरून पुन्हा मागते आणि दिवसभर झोपून रात्र जागवते.

ट्रेबाहेरची घाण हा सूड असतो, ही समजूतही चुकीची. बारा वर्षांपुढच्या मांजरांच्या एका क्ष-किरण पाहणीत नव्वद टक्क्यांत सांध्यांची झीज दिसली होती. उंच काठ ओलांडताना दुखत असेल, तर मांजर ट्रेच्या शेजारीच बसते. म्हणून काठ तीन-चार बोटे उंचीचा ठेवावा, प्रत्येक मजल्यावर एक ट्रे असावा आणि वाटेवर मंद दिवा लावावा. रागावल्याने भीती वाढते, आणि भीतीने ओरडणे. सामानाची जागा शक्यतो बदलू नये. उत्तरायणाच्या दोन दिवसांत गच्चीवरचे भोंगे आणि पाहुण्यांची वर्दळ सुरू होण्याआधीच पाणी, अंथरूण आणि ट्रे एका आतल्या खोलीत मांडून द्यावे.

स्मृतिभ्रंश बरा करणारे औषध नाही. जीवनसत्त्वे, अँटिऑक्सिडंट आणि माशाचे तेल असलेल्या आहाराचा थोडा फायदा दिसला आहे. सेलेजिलीन किंवा झोपेची औषधे डॉक्टर काही वेळा देतात. पण कुत्र्यांच्या ‘मेंदूच्या गोळ्या’ मांजराला कधीच देऊ नयेत. त्यांतल्या काहींत अल्फा-लायपोइक आम्ल असते आणि ते मांजराला विषारी ठरते. सांधेदुखीवर घरातली पॅरासिटामॉल दिली, तर एक गोळीही जीव घेऊ शकते. डॉक्टरांकडे जाताना रात्रीच्या ओरडण्याचे मोबाइलवरचे चित्रीकरण आणि गेल्या काही महिन्यांच्या वजनाची नोंद सोबत न्यावी.