पोस्ट थांबवायची की बदलायची?

लंडनमधल्या एका छोट्या पर्यटन कंपनीच्या जाहिरातींचं काम मी पाहते. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट आम्ही महिनाभर आधी लिहून वेळ लावून ठेवतो; ठरल्या वेळी त्या आपोआप झळकतात. मधल्या काळात जगात काय घडलं, याची त्यांना गंधवार्ता नसते.

१२ जून २०२५, गुरुवार. अहमदाबादहून गॅटविकला निघालेलं एअर इंडियाचं विमान कोसळलं. आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. प्रवाशांत ५३ ब्रिटिश नागरिक होते. इथे सकाळचे नऊ वाजले होते आणि बाराला आमची पोस्ट जाणार होती: छपरांवरून झेपावणारं विमान, खाली 'सुट्टीत उडा थेट आजोळी!'

अशा वेळी मी आधी सगळं थांबवते आणि मग एकेक वाचत बसते. थांबवलेली पोस्ट तासाभराने सोडता येते. गेलेली पोस्ट मात्र पुसली तरी स्क्रीनशॉट होऊन फिरत राहते. वाचताना प्रश्न एकच: ज्याचं माणूस त्या विमानात होतं, त्याच्या हातात हा फोन असेल तर? 'उडा' गेलं, विमानाचा फोटो गेला. केरळच्या हाउसबोटीत खटकण्यासारखं काही नव्हतं, तरी आठवडाभर मागे ठेवली. बॅगांच्या वजनाची पोस्ट मात्र बदलून जाऊ दिली. हसरा चेहरा काढला, तिकिटाची तारीख बदलायला कुठे फोन करायचा ते घातलं. अहमदाबाद विमानतळ त्या दिवशी काही तास बंद होता. लोकांना तेच हवं होतं.

खरी फसगत पुढे असते. पोस्ट थांबवल्या म्हणजे पैसे भरून चालवलेल्या जाहिराती थांबत नाहीत. त्यांचा कारभार वेगळ्या खात्यात असतो. 'अहमदाबाद लंडन फ्लाइट' असं कुणी गूगलवर शोधलं की आमची स्वस्त तिकिटांची जाहिरात वर यायची. त्या सकाळी हेच शब्द लोक कशासाठी शोधत होते, ते सांगायला नको. ती मोहीम हाताने बंद केली. शिवाय मेसेजला आपोआप जाणारं 'धन्यवाद! तुमच्यासाठी खास दर!' हे उत्तरही काढलं.

मालकांना श्रद्धांजलीची पोस्ट हवी होती. म्हटलं, "सर, टाकूया, पण बुकिंगची लिंक नको, आणि लोगो कोपऱ्यात लहान." त्यांना ते पटायला जरा वेळ लागला. आठवड्याचा धंदा बुडणार होता, त्यांची काळजीही खोटी नव्हती.

पुन्हा सुरू कधी करायचं याला पंचांग नाही. मृतांची ओळख डीएनएवरून पटवण्याचं काम चालू होतं, तोवर आम्ही फक्त माहितीच्या पोस्ट सोडल्या. मग हाउसबोट, मग दर. विमानाचा फोटो सगळ्यात शेवटी आला, आणि तोही जमिनीवर उभ्या विमानाचा.