पीपीएफ: पाच तारखेचा हिशेब

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजेच पीपीएफ, 1968 साली सुरू झाला. मुदत 15 वर्षांची म्हणतात, पण ती खाते उघडलेले आर्थिक वर्ष संपल्यावर मोजली जाते. जून 2025 मध्ये उघडलेले खाते त्यामुळे एप्रिल 2041 मध्ये पिकते.

व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवते. एप्रिल 2020 मध्ये तो 7.1 टक्के झाला. तो मुदतभर कायम राहील असे मात्र नाही. महिन्याचे व्याज पाच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळते. या दराने 5 एप्रिलपर्यंत भरलेल्या दीड लाखावर वर्षाचे 10,650 रुपये होतात. तीच रक्कम 6 एप्रिलला जमा झाली तर एप्रिलचे 887 रुपये 50 पैसे बुडतात. चेक वटायला वेळ लागतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

सातव्या आर्थिक वर्षापासून थोडी रक्कम काढता येते. म्हणून आजारपणासाठीचा पैसा इथे ठेवू नये. तो बचत खात्यातच बरा. महागाईवर ठळक मात करायची तर शेअर बाजाराशी जोडलेली गुंतवणूकही लागते. पीपीएफची जागा निवृत्तीच्या पुंजीतल्या सुरक्षित भागात आहे.