चिनी वाक्यातला ‘बा’

मँडरिन चिनीत कर्म एरवी क्रियापदानंतर येते. ‘बा’ ते आधी आणतो, पण मग क्रियापदाला एकटे राहता येत नाही. ‘वो बा शू फांग’ हे वाक्य अर्धवट राहते. ‘वो बा शू फांग त्साय च्वोत्झ शांग ल’, म्हणजे ‘मी पुस्तक टेबलावर ठेवले’, हे पूर्ण होते. कर्माचे पुढे काय झाले, हे सांगावेच लागते. म्हणून ‘आवडणे’, ‘माहीत असणे’ ही क्रियापदे इथे सहसा चालत नाहीत. त्यांनी पुस्तकात काहीच बदलत नाही. पुस्तक कोणते, हेही ऐकणाऱ्याला ठाऊक हवे. अशा ओळखीच्या वस्तूचे काय केले, हे सांगताना बोलणारा ‘बा’ निवडतो. वस्तू कुठे ठेवली हे सांगताना तर त्याला फारसा पर्यायच नसतो, कारण ‘फांग शू त्साय च्वोत्झ शांग’ हा क्रम चिनी कानाला चुकीचा वाटतो. नकारार्थी ‘मेइ’ मात्र ‘बा’च्या आधी येतो.