चतकोराचा तोल कुठे?

पुठ्ठ्याचा चतकोर घ्या, भाकरीच्या आकाराचा. त्रिज्या १० सेंमी. पेन्सिलीच्या टोकावर तो कुठे तोलेल?

टोकापासून कडेपर्यंत त्याच्या बारीक फाका पाडल्या, तर प्रत्येक फाक जवळजवळ त्रिकोणच. तिचा मध्य टोकापासून २/३ त्रिज्येवर. मधल्या रेषेशी θ कोन करणाऱ्या फाकेचं त्या रेषेवरचं अंतर (२R/३) cos θ. अर्धा कोन α धरून −α ते α संकलन करायचं आणि २α ने भागायचं:

x = 2R sin α / 3α

इथे α ४५ अंश, म्हणजे ०.७८५४ रेडियन. उत्तर ६ सेंमी. छेदात चुकून ४५ घातलेत, तर उत्तर जेमतेम एक मिलिमीटर येतं. तिथे पेन्सिल लावून बघा, चतकोर लगेच खाली पडेल.