सल्लागार परगावी, स्लॅब उद्यावर

एक स्ट्रक्चरल कन्सल्टंट तीन आठवड्यांसाठी परदेशी निघाल्या आहेत, असं समजा. चार इमारतींची कामं चालू आहेत. निघण्याआधी त्या ई-मेलला आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवतात: ‘मी प्रवासात आहे, तातडीचं काम असल्यास माझ्या सहकाऱ्याशी संपर्क साधावा.’ एवढं वाचून साइटवरच्या माणसाचं काम होत नाही. तातडीचं म्हणजे काय आणि तो सहकारी नेमकं काय ठरवू शकतो, हे त्याला कळतच नाही.

एक प्रसंग घेऊ. उद्या सकाळी स्लॅब भरायचा आहे. नकाशात १२ मिलिमीटरच्या सळ्या दर १५० मिलिमीटरवर दाखवल्या आहेत, पण साइटवर १० मिलिमीटरच्याच आल्यात. साइट इंजिनिअर विचारतो, त्या चालतील का? गणित सोपं आहे. १२च्या सळईचं छेदक्षेत्र सुमारे ११३ चौरस मिलिमीटर, १०च्या सळईचं साडेअठ्ठ्याहत्तर. म्हणजे तेवढंच लोखंड बसवायला १०च्या सळ्या दर १०० मिलिमीटरवर लावाव्या लागतील. पण ‘लावा’ म्हणण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्यानंच ते म्हणायला हवं. रेडी-मिक्सच्या गाड्या दारात आल्यावर उत्तराची वाट बघता येत नाही. अशा वेळी पर्यायी माणसाचं नुसतं नाव असून भागत नाही. त्याच्याकडे नकाशांची ताजी प्रत हवी, आकडेमोडीच्या फाइली हव्यात आणि सही करायची मुभाही हवी.

म्हणून मजकूर असा असावा:

‘नमस्कार. मी ४ ते २५ तारखेपर्यंत प्रवासात आहे. या काळात ई-मेल रोज पाहिली जाणार नाही. उत्तरं २७ तारखेपासून देईन. स्लॅब भरण्याआधीची सळ्यांची तपासणी, सळ्यांच्या मापातला बदल किंवा बांधकामात दिसलेली तडा, यांसाठी आमच्या ऑफिसातल्या सहकारी अभियंत्यांना फोन करावा (नाव, क्रमांक). त्यांना निर्णयाचा पूर्ण अधिकार आहे. फोन करताना प्रकल्पाचं नाव आणि नकाशाचा क्रमांक सांगावा. बिलं आणि नवीन कामं माझ्या परतण्यापर्यंत थांबू शकतात.’

इथे परतण्याची तारीख २५ आणि उत्तरांची २७ आहे. तुंबलेल्या ई-मेल वाचायला दोन दिवस लागणार, हे आधीच धरलेलं बरं. तातडीच्या कामांची नावंही घेतली आहेत, कारण ‘तातडीचं असल्यास’ एवढंच लिहिलं की बिल अडकलेला ठेकेदारही फोन करतो आणि तडा दिसलेला भिडस्त सुपरवायझर गप्प बसतो. शिवाय ई-मेलच्या जोडीला फोन दिला आहे. पर्यायी माणूस साइटवर असला, तर त्याचीही ई-मेल रात्रीपर्यंत तशीच पडून राहील.

आता एक गोष्ट, जी पुष्कळांना माहीत नसते. हे उत्तर प्रत्येक ई-मेलला जात नाही. दोन्हीकडची आपोआप उत्तरं एकमेकांना उत्तरं देत बसू नयेत, म्हणून ही काळजी घेतलेली असते. जीमेलचं `Vacation responder` त्याच माणसाला साधारण चार दिवसांतून एकदाच उत्तर पाठवतं. स्पॅममध्ये गेलेल्या पत्राला तर उत्तरच जात नाही. ऑफिसात आउटलुक वापरत असतील, तर `Automatic Replies` चालू असेपर्यंत एका माणसाला एकदाच उत्तर जातं. म्हणजे ५ तारखेला बिलाबद्दल लिहिणाऱ्या बिल्डरला सहकाऱ्याचा क्रमांक मिळेल, पण १८ तारखेला त्यानंच तड्याचा फोटो पाठवला तर पलीकडे शांतता. तोवर तो पहिलं उत्तर विसरलेला असणार. म्हणून चालू कामांच्या चारही साइटना निघण्याआधी, शक्यतो आठवडाभर आधी, स्वतः कळवायला हवं. आपोआप जाणारं उत्तर हे ज्यांना कळवायचं राहून गेलं त्यांच्यासाठी आहे.

आउटलुकमध्ये ऑफिसातल्यांसाठी आणि बाहेरच्यांसाठी वेगळा मजकूर ठेवता येतो, ही सोय जरूर वापरावी. कुठल्या शहरात आहोत, सोबत कोण आहे, हे बाहेरच्या मजकुरात लिहू नये. अनोळखी माणसानं लिहिलं तरी हे उत्तर त्याच्याकडे जातं आणि घर तीन आठवडे बंद असल्याची खबर त्याला लागते. सहकाऱ्याचा क्रमांकही त्याची परवानगी घेऊनच द्यावा, शक्य असेल तर ऑफिसचाच.

लावून झालं की दुसऱ्या खात्यावरून स्वतःला एक ई-मेल पाठवून बघावी. तारखांचा घोळ, मजकुरात राहून गेलेला मागच्या दिवाळीच्या सुट्टीचा उल्लेख, फोन क्रमांकातला चुकलेला आकडा, हे सगळं तिथेच सापडतं. दिलेला क्रमांक एकदा फिरवूनही पाहावा. सहकाऱ्यानं मधल्या काळात जे जे ठरवलं, ते त्यानं प्रकल्पवार, तारखेसह लिहून ठेवावं, असंही निघतानाच ठरवून घ्यावं. १०च्या सळ्या कुठल्या स्लॅबमध्ये गेल्या, हे परतल्यावर नकाशावर चढवताना तीच नोंद लागते.